एका कुर्त्याचं बिल: कार्टपासून पीडीएफपर्यंत जीएसटी कसा चालतो

कुर्त्याच्या टॅगवर ३,२४५ रुपये छापलेले आहेत. दुकान ठाण्यात, राम मारुती रोडवर. गिऱ्हाईक घोडबंदर रोडला राहणारं. भाऊबीजेसाठी कुर्ता जाणार आहे बेळगावला, बहिणीच्या पत्त्यावर. दुकानाच्या वेबसाइटवर दहा टक्के सुटीचं कूपन चालू आहे आणि पैसे यूपीआयने येणार आहेत. अशा दुकानांसाठी चेकआउट आणि बिलिंग लावून देणं हे आमचं काम. ही ऑर्डर वरवर अगदी साधी दिसते, पण कर कुठे चुकू शकतो ते हिच्यात जवळजवळ सगळं सापडतं. म्हणून हीच एक ऑर्डर धरून पुढे जातो. आकडे नमुन्याचे आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

पहिली गोष्ट टॅगवरच्या किमतीची. पाकीटबंद मालावरची छापील कमाल किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे चेकआउटवर तिच्यावर जीएसटी चढवता येत नाही. शिवाय ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवायची असते, आणि त्यात कर किती, डिलिव्हरी किती, ही फोडही द्यायची असते. आधी कमी आकडा दाखवायचा आणि पैसे भरायच्या पानावर कर वाढवायचा, हा प्रकार २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या युक्त्यांमध्येच धरला आहे. म्हणजे इथे कर बेरजेने येत नाही, किमतीच्या पोटातून बाहेर काढावा लागतो. जीएसटी नियमावलीतल्या ३५व्या नियमात त्याचं सूत्र आहे:

```
कर = करासह किंमत × दर ÷ (100 + दर)
```

३,२४५ ला १८ ने गुणून ११८ ने भागलं की ४९५ येतात. मूळ किंमत २,७५०, कर ४९५. इथे सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ३,२४५ चे सरळ १८ टक्के काढणं. ते ५८४.१० होतात आणि बिलावर मूळ किंमत २,६६०.९० दिसते. बेरीज जुळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: बिलावरची करपात्र रक्कम घ्या, तिच्यावर दर लावून पाहा. २,६६०.९० चे १८ टक्के ४७९ च्या आत येतात, ५८४ नाही. तिथेच चूक पकडली जाते.

आता कूपन. कपड्यांवरचा दर किमतीवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. (त्याआधी ही रेषा १,००० रुपयांवर होती आणि तिच्या वरचा दर १२ टक्के होता.) ही किंमत म्हणजे टॅगवरची किंमत नव्हे. गिऱ्हाइकाला सूट दिल्यानंतर आणि कर वगळून उरणारी ती रक्कम. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलावर नोंदवलेली सूट मूल्यातून वजा होते. म्हणून सूट आधी लावायची आणि दर नंतर ठरवायचा. बहुतेक तयार कार्ट-सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम उलटा असतो. वस्तू साइटवर चढवतानाच तिला ‘१८ टक्के’ असा गट चिकटवलेला असतो, आणि कूपन लागल्यावर तो गट कुणी पुन्हा तपासत नाही.

आपल्या कुर्त्याचं पाहू. ३,२४५ चे दहा टक्के ३२४.५०. उरले २,९२०.५०. या रकमेतून १८ टक्क्यांनी कर बाहेर काढला तर मूळ किंमत येते २,४७५. ती २,५०० च्या आत आहे, म्हणजे दर १८ असूच शकत नाही. बरं, ५ टक्क्यांनी काढू. २,९२०.५० ला १.०५ ने भागलं की २,७८१.४३. ती २,५०० च्या वर आहे, म्हणजे दर ५ ही असू शकत नाही. दोन्ही दर स्वतःलाच खोडतात.

हा या एकाच कुर्त्याचा योगायोग नाही. २,५०० वर ५ टक्के लावले की २,६२५ होतात आणि १८ टक्के लावले की २,९५०. करासह किंमत २,६२५ च्या पुढे आणि २,९५० पर्यंत कुठेही असली तरी हेच होतं. हा सव्वातीनशे रुपयांचा पट्टा कपड्यांच्या करासह किमतीसाठी रिकामाच ठेवावा लागतो. टॅगवरची किंमत या पट्ट्यात पडू नये एवढी काळजी दुकानदार घेतो. पण कूपन, सणाची सूट, ‘दोन घ्या, तिसऱ्यावर निम्मी किंमत’ अशा योजना वस्तूला वरून ढकलत या पट्ट्यात आणून सोडतात, आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं. चेकआउटमध्ये आम्ही सूट लागून झाल्यावर, प्रत्येक नगासाठी, एवढी तपासणी घालतो:

```
if gross / 1.05 <= 2500:
    rate = 5
elif gross / 1.18 > 2500:
    rate = 18
else:
    stop("price band")
```

शेवटच्या ओळीत थांबायचं आहे. गप्प बसून १८ धरायचे नाहीत. १८ धरले तर ५ टक्क्यांच्या मालावर १८ टक्के गोळा केल्यासारखं होतं, आणि कर म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेली रक्कम जास्तीची असली तरी कलम ७६ नुसार ती सरकारकडे भरावीच लागते. दुकानाला त्यातलं काही उरत नाही, गिऱ्हाइकाच्या खिशातून मात्र जातं.

मग वाट काय? कूपन करासह किमतीवर न लावता मूळ किमतीवर लावायचं. २,७५० चे दहा टक्के २७५, उरले २,४७५. ही रक्कम २,५०० च्या आत, दर ५ टक्के, कर १२३.७५, एकूण २,५९८.७५. दुकानाची बाजू बघा. २,९२०.५० घेऊन १८ टक्के भरले असते तरी हातात २,४७५ च आले असते. आताही तेवढेच येतात. गिऱ्हाईक ३२१.७५ रुपये कमी देतं, आणि ते दुकानाच्या पदरचे नाहीत. दुकान चालवणाऱ्या ताईंना पहिल्यांदा हे पटत नाही. त्या विचारतात, “अहो, दहा टक्के म्हणून सांगितलं आणि जवळजवळ वीस टक्के सूट गेली की!” सूट दहाच टक्के गेली आहे. बाकीचा फरक कराचा आहे. एकदा कागदावर दोन ओळी मांडून दाखवल्या की पटतं.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. करासह २,६२५ ला विकलेल्या कुर्त्यातून दुकानाला २,५०० मिळतात. त्याहून एक रुपया जास्त मिळवायचा असेल तर गिऱ्हाइकाला २,९५१ च्या पुढे न्यावं लागतं. म्हणून या भागातल्या कपड्यांची किंमत ठरवताना आम्ही २,६२५ हाच आकडा सुचवतो आणि त्यावर कूपन चालू द्यायला सांगतो. तिथून खाली कितीही सूट दिली तरी दर ५ च राहतो.

चेकआउटच्या पानावर हे गिऱ्हाइकाला कसं दिसावं? ‘सूट १० टक्के’ लिहून पुढे ६४६.२५ वजा दाखवले तर फोन येणारच. आम्ही तीन ओळी ठेवतो: किंमत सर्व करांसह ३,२४५.००, कूपन आणि कमी झालेला कर मिळून वजा ६४६.२५, भरायची रक्कम २,५९८.७५. खाली बारीक अक्षरात ‘यात जीएसटी १२३.७५’. त्या ६४६.२५ मध्ये २७५ सुटीचे आणि ३७१.२५ कराच्या फरकाचे, ही फोड दाबल्यावर उघडेल अशी ठेवली की पुरे.

कूपन आणि पैसे भरण्याचा प्रकार, यांत गल्लत होते ती वेगळी. बँकेची ‘या कार्डावर २०० रुपये तात्काळ सूट’ असते, तेव्हा ते २०० बँक देते आणि दुकानाला पूर्ण रक्कम मिळते. त्यामुळे करपात्र मूल्य कमी होत नाही. गिफ्ट कार्डाचंही तसंच. ते पैशांच्या जागी वापरलेलं साधन आहे, सूट नव्हे. कार्टमध्ये गिफ्ट कार्ड जर कूपनाच्या कप्प्यात टाकलेलं असेल तर करपात्र रक्कम खोटी कमी दिसते, आणि कपड्यांत दर पण १८ वरून ५ वर घसरू शकतो. सेटिंगमध्ये एक प्रश्न विचारावा: ही रक्कम दुकानाला कुणाकडून तरी मिळणार आहे का? मिळणार असेल तर ती बिलाच्या वरच्या भागात सूट म्हणून येत नाही, खालच्या भागात भरणा म्हणून येते.

कार्टमध्ये दोन वस्तू असल्या की कूपन वाटून द्यावं लागतं. समजा, कुर्त्याबरोबर १,१८० रुपयांची रेक्झिनची हँडबॅग आहे, तिचा दर १८ टक्के, आणि कूपन ३०० रुपयांचं सरसकट आहे. ३,२४५ आणि १,१८० यांचं प्रमाण ११ ला ४. म्हणून कुर्त्यावर २२० आणि बॅगेवर ८०. कुर्ता ३,०२५ ला पडला, मूळ किंमत २,५६३.५६, दर १८, काही अडचण नाही. बॅग ११०० ला पडली. आता गिऱ्हाइकाने पैसे भरायच्या आधी बॅग कार्टमधून काढून टाकली तर पूर्ण ३०० कुर्त्यावर येतात. तो २,९४५ वर उतरतो आणि रिकाम्या पट्ट्यात जाऊन बसतो. म्हणूनच वरची तपासणी कूपन लावताना एकदा करून भागत नाही. कार्टमध्ये काहीही बदललं की ती नव्याने चालली पाहिजे. आणि वाटणी प्रत्येक ओळीवर साठवली पाहिजे, कारण पुढे माल परत आला की तीच लागते.

डिलिव्हरी खर्चाबद्दल एवढंच. गिऱ्हाइकाकडून वेगळा घेतलेला डिलिव्हरी खर्च कलम १५ नुसार मालाच्या मूल्याचाच भाग होतो आणि त्याला मालाचाच दर लागतो. २,४७५ च्या कुर्त्यावर १०० रुपये डिलिव्हरी लावली तर आपण पुन्हा २,५०० च्या रेषेवर पाय ठेवतो. अशा किमतींच्या मालावर डिलिव्हरी मोफत ठेवावी आणि तो खर्च किमतीत धरावा.

पुढचा टप्पा पत्त्याचा. चेकआउटवर दोन पत्ते असतात, बिल ज्याच्या नावाचं त्याचा आणि माल जिथे जाणार तो. इथे बिलाचा पत्ता घोडबंदर रोडचा, महाराष्ट्र, राज्य कोड २७. माल जाणार बेळगावला, कर्नाटक, कोड २९. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत हे दोन पत्ते वेगळे असतील तर पुरवठ्याचं ठिकाण डिलिव्हरीच्या पत्त्यावरून धरायचं, असा खुलासा २६ जून २०२४ च्या २०९ क्रमांकाच्या परिपत्रकात आहे. म्हणजे आपली विक्री आंतरराज्य झाली. बिलावर आयजीएसटी ५ टक्के, १२३.७५ अशी एकच ओळ येईल. कुर्ता ठाण्यातच जाणार असता तर सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच अशा दोन ओळी आल्या असत्या.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने रक्कम तीच, म्हणून या चुकीची तक्रार कधी येत नाही. ती विवरणपत्रात उघडी पडते. राज्यातला कर आंतरराज्य विक्रीवर भरला गेला असेल तर योग्य तो कर आधी भरायचा आणि चुकीने भरलेला परत मागायचा, असा कलम ७७ चा रस्ता आहे. व्याज लागत नाही, पण पैसा अडकतो आणि परताव्याच्या अर्जात वेळ जातो.

चूक बहुतेक वेळा पिनकोडवरून राज्य ओळखण्यात असते. पहिले दोन आकडे पाहून राज्य ठरवणारं कोड आम्हाला बरेचदा भेटतं: ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र. पण ४०३ ने सुरू होणारे पिनकोड गोव्याचे आहेत. पणजीचा ४०३००१ अशा साइटवर महाराष्ट्रात जमा होतो आणि आयजीएसटीच्या जागी दोन अर्धे कर लागतात. उलट बेळगावच्या शेजारचं चंदगड, ४१६५०९, महाराष्ट्रातच आहे. गावाच्या ओळखीवरून अंदाज बांधणारा माणूस तिथे फसतो. राज्य गिऱ्हाइकाला यादीतून निवडायला लावावं, ते संपूर्ण सहा आकडी पिनशी ताडून पाहावं, आणि दोन्ही जुळले नाहीत तर पैसे भरायचं बटण उघडू नये.

राज्यातल्या विक्रीत एका पैशाची गाठ असते. २,४७५ चे अडीच टक्के ६१.८७५. दोन दशांशांत ते ६१.८८ होतात. दोन्ही मिळून १२३.७६, तर आयजीएसटी १२३.७५. इथे एकूण कर काढून त्याचे दोन तुकडे केले की एक तुकडा ६१.८८ आणि दुसरा ६१.८७ असा येतो. तसं करू नये. सीजीएसटी आणि एसजीएसटी स्वतंत्र काढावेत आणि ते सारखेच राहू द्यावेत. पैशाचा फरक शेवटच्या राउंड-ऑफमध्ये जिरतो.

आता पैसे. २,५९८.७५ ही रक्कम पेमेंट गेटवेकडे पाठवायच्या आधीच पूर्ण रुपयात आणावी: राउंड-ऑफ अधिक ०.२५, भरायची रक्कम २,५९९. राउंड-ऑफ ही कराच्या खालची वेगळी ओळ. कर मात्र पैशांसकट तसाच राहतो. वेबसाइट २,५९८.७५ घेते आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बिल २,५९९ करतं, अशी जोडी बऱ्याच ठिकाणी असते. मग प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यात चार आणे येणे दिसत राहतात आणि वर्षाअखेरीस शेकडो खाती उघडी राहतात. रक्कम एकाच जागी पूर्णांकात आणा, आणि गेटवे, बिल, खतावणी तिघांनाही तोच आकडा द्या.

भारतातले गेटवे साधारणपणे रक्कम पैशांत मागतात, म्हणजे २,५९९ साठी `259900`. रुपयांना शंभराने गुणताना दशांशाचा घोळ होतो. बऱ्याच भाषांमध्ये `4.35 * 100` चं उत्तर `434.99999999999994` येतं, आणि पुढचे आकडे कापले तर एक पैसा गायब. सगळा हिशेब पहिल्यापासून पैशांच्या पूर्णांकात ठेवला तर हा प्रश्न उरत नाही.

पैसे आले हे कशावरून समजायचं? गिऱ्हाइकाचा ब्राउझर ‘धन्यवाद’च्या पानावर परतला यावरून नव्हे. यूपीआयमध्ये खात्यातून पैसे जातात, तोवर फोन बंद पडतो, पान परत येतच नाही. गेटवे आपल्या सर्व्हरला जो वेगळा निरोप पाठवतो तो प्रमाण धरावा, आणि त्यातली रक्कम ऑर्डरच्या रकमेशी ताडून पाहावी. हा निरोप कधी कधी दोनदा येतो. प्रत्येक निरोपाला एक बिल असं कोड असेल तर एकाच कुर्त्याची दोन बिलं निघतात आणि कर दोनदा लागतो. म्हणून पेमेंट क्रमांक एकदाच नोंदवला जाईल अशी अट डेटाबेसमध्येच घालावी.

बिल कधी काढायचं, यावर दुकानदारांत मतं वेगळी असतात. मालाच्या विक्रीत, कलम ३१ प्रमाणे, माल दुकानातून निघताना किंवा त्याआधी बिल व्हायला हवं. म्हणजे पैसे मिळताच काढलं तरी चालतं. आमचं मत मात्र पार्सल बांधून कुरिअरच्या हाती देताना काढावं असं आहे. पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाला भरण्याची पावती जावी, तिच्यावर ऑर्डर क्रमांक आणि रक्कम असावी, बिल क्रमांक नसावा. मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर, १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेमुळे, पैसे मिळताक्षणी जीएसटी लागत नाही, त्यामुळे या मधल्या दिवसाची अडचण होत नाही. फायदा असा की माप संपलंय म्हणून किंवा गिऱ्हाइकाचा विचार बदलला म्हणून माल निघायच्या आत ऑर्डर रद्द झाली, तर नुसते पैसे परत करायचे. बिल निघून गेलेलं असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे त्या बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद, काढावी लागते. आगाऊ रकमेची ही सवलत मालापुरती आहे. कपडे शिवून देण्याची शिलाई आगाऊ घेतली तर ती सेवा, आणि तिच्या आगाऊ रकमेवर कर लागतो.

बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि १६ अक्षरांच्या आतला हवा, उदाहरणार्थ `RM/25-26/00417`. हा क्रमांक ऑर्डर सुरू होताना देऊ नये. अर्धवट सोडलेल्या आणि फसलेल्या पेमेंटनी मालिकेत खड्डे पडतात आणि तपासणीत प्रत्येक खड्ड्याचा खुलासा द्यावा लागतो. ३० मार्चला पैसे आलेली ऑर्डर १ एप्रिलला निघाली तर तिला नव्या वर्षाच्या मालिकेतला क्रमांक मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

आपल्या कुर्त्याचं बिल पीडीएफमध्ये असं वाचता आलं पाहिजे. वर दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख. मग गिऱ्हाइकाचं नाव आणि दोन्ही पत्ते, आणि ‘पुरवठ्याचं ठिकाण: कर्नाटक (२९)’. मालाच्या ओळीत वर्णन, एचएसएन कोड, नग १, किंमत २,७५०, सूट २७५, करपात्र मूल्य २,४७५, आयजीएसटी ५ टक्के, १२३.७५. खाली राउंड-ऑफ ०.२५ आणि एकूण २,५९९. किंमत आणि सूट वेगवेगळी दिसलीच पाहिजे. नुसतं २,४७५ छापलं तर ‘बिलावर नोंदवलेली सूट’ ही अटच पूर्ण होत नाही. वेबसाइटवर टॅगची किंमत ३,२४५ होती आणि बिलावर २,७५० दिसते, याने गिऱ्हाईक गोंधळतं. म्हणून किंमतीच्या मथळ्यात ‘कर वगळून’ हे दोन शब्द हवेत.

भरण्याचा भाग एकूण रकमेच्या खाली, रेघ मारून वेगळा. जीएसटी नियमांना तो लागत नाही, पण वाद मिटवायला तोच कामी येतो: मिळाले २,५९९, यूपीआय, तारीख, संदर्भ क्रमांक, बाकी शून्य. संदर्भ म्हणून गेटवेचा स्वतःचा लांबलचक क्रमांक छापून थांबू नका. गिऱ्हाइकाला बँकेच्या नोंदीत दिसतो तो यूपीआयचा १२ आकडी क्रमांक, तो छापा. माल हाती मिळाल्यावर पैसे देण्याची ऑर्डर असेल तर इथे ‘देय २,५९९’ असंच लिहावं. ‘भरले’ हा शिक्का साच्यात कायमचा बसवलेला असतो आणि कुरिअरवाला पैसे मागतो तेव्हा गिऱ्हाईक बिल दाखवून भांडतं.

गेटवेचं शुल्क या बिलावर कुठेच येत नाही. गिऱ्हाइकाने यूपीआयऐवजी क्रेडिट कार्ड वापरलं आणि गेटवेचा दर २ टक्के असेल, तर २,५९९ वर ५१.९८ शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी ९.३६, आणि दुकानाच्या बँकेत २,५३७.६६ जमा होतात. विक्री मात्र २,४७५ अधिक कर हीच राहते. बँकेत आलेला आकडा विक्री म्हणून धरणारे लोक आहेत. त्यांची विक्रीही चुकते आणि त्या ९.३६ चं इनपुट क्रेडिटही हातचं जातं. ते क्रेडिट गेटवे दर महिन्याला देतो त्या त्याच्या बिलावर घ्यायचं असतं. आणि कार्डाचं शुल्क ‘सुविधा शुल्क’ म्हणून गिऱ्हाइकाकडून वसूल केलं तर ते पुन्हा मालाच्या मूल्यात मिळतं. २,५०० च्या रेषेजवळ ते कधीच करू नये.

माल परत आला तर बिल खोडायचं किंवा दुरुस्त करायचं नाही. कलम ३४ ची क्रेडिट नोट काढायची. तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक, मूळ बिलावरचाच दर आणि मूळ बिलावरचंच पुरवठ्याचं ठिकाण. बेळगावहून कुर्ता परत आला तर करपात्र २,४७५, आयजीएसटी १२३.७५, राउंड-ऑफ ०.२५, परतावा २,५९९. कूपन तोवर संपलेलं असतं, म्हणून सॉफ्टवेअर नव्याने हिशेब करायला गेलं तर २,७५० वर १८ टक्के काढून बसतं. मूळ ओळ उचलायची, नवी काढायची नाही. कुर्ता आणि बॅग घेतलेल्या ऑर्डरीतून बॅग परत आली तर क्रेडिट नोट ११०० ची, १,१८० ची नव्हे. कुर्ता विकला गेला तेव्हाचा त्याचा दर १८ च राहतो. उरलेल्या कुर्त्याला पूर्ण ३०० चं कूपन चिकटवून जुनं बिल बदलायला जाऊ नये. कर कमी करून घ्यायचा असेल तर ही नोट त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत विवरणपत्रात दाखवावी लागते. दिवाळीचा परत आलेला माल तेवढ्यात बसतो. अडचण होते ती परताव्याचे पैसे गेटवेवरून एका दाबात परत करून नोट काढायची राहून गेलेल्या ऑर्डरींची. म्हणून परताव्याचं बटण नोटेचा क्रमांक तयार झाल्याशिवाय चालू होणार नाही, असंच आम्ही ते लावतो.